वाढलेलं काम नेमकं कुणी वाढवलं?

*ताई, सांगलीत आमची आठ जणांची सॉफ्टवेअर कंपनी आहे. एका दूध संस्थेचं काम घेतलंय. १४ संकलन केंद्रं, ठरलेली एकच रक्कम, २० आठवडे. आता बारावा आठवडा चालू आहे. करारात ६२ कामं होती, आज बोर्डावर ७९ दिसतात, पूर्ण झालीत ३०. आमचे मालक म्हणतात, गिऱ्हाईक रोज नवीन काढतंय, हा स्कोप क्रीप आहे, जास्तीचे पैसे मागा. संस्थेचे सचिव म्हणतात, आम्ही मागितलंच नाही ते तुमची पोरं करत बसतात. त्यांचा रोख आमच्या एकाने बनवलेल्या दराच्या फॉर्म्युल्यावर आहे. चेअरमनना दुधाची पावती व्हॉट्सॲपवर हवी आहे, सचिवांना दिवाळीचं फरक बिल हवं आहे. दोघांपैकी खरं कोण? आणि हे मला चौथ्या आठवड्यातच का दिसलं नाही?*
*— एक प्रोजेक्ट लीड, सांगली*

नमस्कार,

दोघंही खरं बोलतायत, आणि कोण किती खरं हे तुमच्याच आकड्यांत लिहिलेलं आहे. कागद घेऊन बसा.

बारा आठवड्यांत ३० कामं, म्हणजे आठवड्याला अडीच. करार करताना तुम्ही धरलेला वेग होता वीस आठवड्यांत ६२, म्हणजे आठवड्याला तीनच्या थोडा वर. आता समजा संस्थेने एकही नवीन गोष्ट मागितली नसती. तरी अडीचच्या वेगाने ६२ कामांना २५ आठवडे लागले असते. पाच आठवडे उशीर तुमच्या घरातच तयार झाला आहे. आणि ७९ कामं धरली तर त्याच वेगाने साधारण ३२ आठवडे होतात, म्हणजे आणखी सात आठवडे वाढलेल्या यादीमुळे. मालकांना फक्त हे सात दिसतात, सचिवांना फक्त ते पाच.

हा हिशेब ढोबळ आहे, हे मलाही माहीत आहे. सगळी कामं सारख्या आकाराची नसतात, आणि शेवटी येणारी जोडणीची कामं नेहमी जड असतात. तरीही मालकांसमोर हा कागद ठेवा. सगळा उशीर गिऱ्हाइकावर ढकलून पैसे मागायला गेलात, तर सचिव त्या फॉर्म्युल्याकडे बोट दाखवतील आणि तुमची रास्त मागणीसुद्धा त्यात बुडेल.

आता ‘स्कोप क्रीप’ आणि ‘गोल्ड प्लेटिंग’ हे दोन्ही शब्द नीट समजून घेऊ, कारण रोजच्या बोलण्यात ते एकमेकांत मिसळतात. अमेरिकेतल्या प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट, म्हणजे पीएमआय, या संस्थेच्या मार्गदर्शकात स्कोप क्रीपची व्याख्या आहे ती अशी: वेळ, पैसा आणि माणसं यांत फेरफार न करता कामाचा आवाका अनियंत्रितपणे वाढणं. यातला ‘फेरफार न करता’ हा तुकडा लोक विसरतात. गिऱ्हाइकाने नवीन मागणं हा क्रीप नव्हे. त्याने मागितलं, तुम्ही ‘आठ दिवस वाढतील, एवढे पैसे वाढतील’ म्हणालात आणि त्याने सही केली, तर तो साधा बदल झाला. मागितलं, आणि तारीख तीच, रक्कम तीच, माणसं तीच राहिली, तर तो क्रीप. गोल्ड प्लेटिंगमध्ये मागणाराच नसतो. तुमच्यातलाच कुणीतरी, बहुतेक वेळा चांगल्या मनाने, ठरलेल्यापेक्षा जास्त करून देतो.

म्हणून प्रत्येक वाढीव कामाला मी दोनच प्रश्न विचारते. हे कुणी मागितलं? आणि त्या बदल्यात काय हललं? मागणाऱ्याचं नाव आहे पण काहीच हललं नाही, तर क्रीप. नावच नाही, तर गोल्ड प्लेटिंग. आज संध्याकाळी बोर्डावर ‘मागणारा’ नावाचा एक रकाना वाढवा आणि त्या १७ नव्या कामांपुढे माणसाचं नाव लिहा. ‘क्लायंट’ असं लिहू नका. चेअरमन, सचिव, अमुक केंद्राचा संकलक, असं लिहा. बोर्डावर चिठ्ठी वाढली म्हणजे ती बाहेरूनच आली असं आपण गृहीत धरतो, पण त्यातल्या काही चिठ्ठ्या तुमच्याच पोरांनी लावलेल्या निघतील. काहींपुढे नाव लिहिताना तुम्ही अडखळाल. जिथे अडखळाल तिथे थांबा, कारण घरात तयार झालेलं काम तिथेच लपलेलं असतं.

तुम्ही ज्या तीन गोष्टी लिहिल्यात त्या तीन वेगवेगळ्या जातीच्या आहेत, म्हणून एकेक घेते.

दराचा फॉर्म्युला. दूध संस्थेत दर कसा लागतो हे तुम्ही आता माझ्यापेक्षा जास्त जाणता, पण वाचकांसाठी सांगते. गायीच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ, हा पाया धरतात, आणि त्याच्या वरखाली प्रत्येक पॉइंटला दर चढतो-उतरतो. संस्थेला याचा एक तक्ता मिळतो. समजा फॅट ३.० ते ५.० आणि एसएनएफ ८.० ते ९.०, दोन्हीकडे ०.१ ची पायरी. २१ ओळी, ११ रकाने, एकूण २३१ चौकटी. प्रत्येक चौकटीत एक दर. सचिव वर्षानुवर्षं हाच तक्ता वापरतात आणि बदलला की नवा लावतात. तेव्हा काम एवढंच होतं की ही २३१ चौकटींची एक्सेल फाइल चढवता यावी, आणि ठरलेल्या तारखेच्या सकाळच्या पाळीपासून तो दर लागावा. दोन-तीन दिवसांचं काम.

तुमच्या मुलाने काय केलं असेल ते मी अंदाजाने सांगते, कारण मी हे बरेचदा पाहिलंय. त्याला वाटलं, दर सारखा बदलतो, मग दरवेळी फाइल कशाला? दराचा नियमच लिहिता येईल अशी सोय करू. पायाचा दर, पॉइंटची वाढ, पॉइंटची कपात, अमुक फॅटच्या खाली वेगळी कपात. कल्पना हुशारीची आहे. पण तक्त्यातल्या २३१ चौकटी सचिव एका बैठकीत डोळ्यांनी तपासू शकतात. नियम लिहायची सोय दिली की त्यातून किती प्रकारचे दर निघतील याला मोजदाद नाही, आणि एखाद्या केंद्रावर चुकीचा नियम बसला तर दहा दिवसांच्या बिलात शेकडो उत्पादकांना चुकीचे पैसे जातील. म्हणजे त्या सोयीसोबत तिची तपासणी आली, नियम कुणी बदलायचा याची परवानगी आली, चुकल्यास मागे कसं जायचं ते आलं, सचिवांना शिकवणं आलं. गोल्ड प्लेटिंगची खरी किंमत करण्यात गेलेल्या दिवसांपेक्षा या मागून येणाऱ्या कामांत जास्त असते, आणि ती कुणाच्याच एस्टिमेटमध्ये नसते.

हा फॉर्म्युला डेमोत दाखवला गेला का? सचिवांना तो दिसला, म्हणजे दाखवला असावा. मग पुढचं आठवून पाहा. तो बघून कुणी म्हणालं का, ‘मग जास्त दूध घालणाऱ्याला वेगळा दर पण यातच बसेल ना?’ म्हणालं असेल, तर ती मागणी बाहेरून आली खरी, पण तिला दार तुम्ही उघडून दिलंत. घरातल्या गोल्ड प्लेटिंगवर बाहेरचा क्रीप असा येऊन बसतो. त्या कामापुढे ‘मागणारा: चेअरमन’ लिहा, आणि त्याच ओळीत ‘कशावरून सुचलं: दराचा फॉर्म्युला’ हेही लिहा. पैसे मागायच्या बैठकीत हे काम तुमच्या बाजूच्या यादीत धरावं लागेल.

व्हॉट्सॲपची पावती हा स्वच्छ क्रीप आहे. करारात एसएमएस आहे असं मी धरते. चेअरमन म्हणाले असतील, ‘एसएमएस जातोच आहे, तेवढं व्हॉट्सॲपवर पण जाऊ दे.’ आणि कुणीतरी मान हलवली असेल. आता त्या ‘तेवढं’मध्ये काय आहे ते पाहा. व्यवसायासाठीच्या व्हॉट्सॲपवर आपणहून संदेश पाठवायचा तर त्याचा साचा आधी मंजूर करून घ्यावा लागतो, संस्थेच्या नावाने खातं उघडून पडताळणी करावी लागते, आणि संदेशांना शुल्क लागतं. केंद्रामागे १०० उत्पादक धरले, सकाळ-संध्याकाळ दोन पाळ्या, तर १४ केंद्रांचे रोज २,८०० संदेश. एका दहा दिवसांच्या बिलात २८,०००. त्याचे पैसे दरमहा कोण भरणार हे चेअरमनना कुणी विचारलंच नाही. जिचा खर्च काम संपल्यावरही चालू राहतो अशी मागणी फुकट स्वीकारणं सगळ्यात महाग पडतं, कारण हातावेगळी करून विसरता येत नाही. इथे नकार द्यायचीही गरज नाही. २,८०० चा आकडा आणि त्याचा महिन्याचा खर्च कागदावर त्यांच्यासमोर ठेवा आणि निर्णय त्यांना घेऊ द्या. माझा अंदाज, ते एसएमएसवर राहतील. नाही राहिले तर बदलाची नोंद करा, दिवस आणि पैसे लिहा, सही घ्या.

फरक बिलाच्या बाबतीत मात्र तुमचे मालक चुकतायत, आणि हे मी ठामपणे सांगते. दिवाळीला उत्पादकांना वर्षभराच्या दुधावर लिटरमागे फरक द्यायचा, त्याचं बिल काढायचं, हे दूध संस्थेच्या वर्षातलं मोठं काम आहे. सचिवांना ते इतकं उघड वाटलं असणार की वेगळं सांगावं असं त्यांच्या मनातही आलं नसेल. करारात ‘उत्पादक बिल’ असं लिहिलं असेल, त्यांनी त्यात फरक बिल धरलं आणि तुम्ही दहा दिवसांचं बिल धरलंत. याला क्रीप म्हणता येत नाही. ही आधीपासून असलेली गरज आहे, तुम्हाला ती उशिरा कळली. यादी इथेही वाढते, म्हणून लोक हेही क्रीपच्या खात्यात टाकतात आणि गिऱ्हाइकाशी वाकडं घेतात. फरक ओळखायची खूण अशी की हे काम नसेल तर ठरलेलं सॉफ्टवेअर संस्थेच्या मूळ उपयोगाचं राहत नाही. व्हॉट्सॲपशिवाय संस्था चालेल. फरक बिलाशिवाय दिवाळीत सचिवांना जुनी वही काढावी लागेल, आणि मग तुमचं सॉफ्टवेअर कशासाठी घेतलं हा प्रश्न गावात विचारला जाईल.

याच खुणेने आणखी एक गोंधळ सुटतो. पोरांनी स्वतःहून बॅकअपची सोय केली, केंद्रावर इंटरनेट गेलं तरी नोंद राहील असं केलं, तर तेही कुणी मागितलेलं नसतं. पण संध्याकाळच्या पाळीत वीज गेली आणि चाळीस जणांचं दूध नोंदवलेलं पुसलं गेलं, तर करारातलं ‘दूध संकलन नोंद’ हे कामच झालं नाही असं होईल. ते काम गरजेचंच आहे, त्याला गोल्ड प्लेटिंग म्हणू नका. सगळ्या अनामिक कामांवर एकदम कुऱ्हाड चालवली तर पोरं अशी कामंही सोडून देतील, आणि ते तुम्हाला पहिल्या पावसाळ्यातच कळेल.

आता तुमचा दुसरा प्रश्न: चौथ्या आठवड्यात का दिसलं नाही.

कारण तुम्ही बहुतेक ‘किती उरलं’ एवढंच मोजत होतात. उरलेल्या कामाचा आकडा दोन गोष्टींनी अडून बसतो. काम होत नाही म्हणून, किंवा नवीन येऊन पडतंय म्हणून. आकडा एकच, तेव्हा नेमकं काय झालं ते कळत नाही. त्याऐवजी भिंतीवर दोन रेषा काढा. वरची रेषा एकूण कामांची, खालची पूर्ण झालेल्यांची. आमच्या धंद्यात याला बर्न-अप म्हणतात. दर शुक्रवारी दोन ठिपके, पाच मिनिटांचं काम.

वरची रेषा चढू लागली तर यादी वाढतेय, आणि ‘मागणारा’ हा रकाना कोण वाढवतंय ते सांगतो. वरची रेषा सपाट आहे, सगळे उशिरापर्यंत बसलेत आणि तरी खालची रेषा वर सरकत नाही, तर काम चिठ्ठ्यांच्या आत फुगतंय. तुमच्या दराच्या चिठ्ठीचंच बघा. बोर्डावर ती एकच चिठ्ठी राहिली असणार, ‘दरपत्रक’. आत तिचं गाठोडं झालं, पण वरच्या रेषेला त्याचा पत्ता लागला नाही. म्हणून गोल्ड प्लेटिंग बोर्डावर क्वचितच नजरेस पडतं. ते एस्टिमेट आणि लागलेल्या दिवसांच्या फरकात शोधावं लागतं. ठरवलेल्या दिवसांच्या दुपटीपेक्षा जास्त काळ चालू असलेली प्रत्येक चिठ्ठी शुक्रवारी उघडायची आणि शेजारी बसून विचारायचं: गेल्या तीन दिवसांत यात काय वाढलं, ते दाखव.

दुप्पट दिवस लागले म्हणजे गोल्ड प्लेटिंगच, असंही नाही. एस्टिमेट चुकलेलं असेल, तीन कंपन्यांची दूध तपासणी यंत्रं तीन तऱ्हेने बोलत असतील, माणूस आजारी असेल. त्यांतला फरक मला माणसाच्या वागण्यावरून कळतो. अडकलेला माणूस प्रश्न विचारतो. सकाळच्या मीटिंगमध्ये तो म्हणतो, यंत्राकडून आकडा उलटा येतोय, कुणाला माहीत आहे का? सोन्याचा मुलामा चढवणारा प्रश्न विचारत नाही. तो म्हणतो, ‘जवळजवळ झालंय.’ सलग तीन दिवस जवळजवळ झालंय, चेहरा आनंदी, आणि डेमोत काहीतरी दाखवायची घाई. मी एका कामावर असताना आमच्यातला सगळ्यात चांगला मुलगा एका सभासद यादीवर नऊ दिवस बसला होता. तिसऱ्याच दिवशी त्याने ‘जवळजवळ झालंय’ म्हटलं आणि मी पुढच्याकडे वळले. नवव्या दिवशी पाहिलं तर यादीला चार प्रकारचे शोध होते. गिऱ्हाईक फक्त सभासद क्रमांक टाकून शोधणार होतं. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या शेजारी दहा मिनिटं बसले असते, तर सहा दिवस वाचले असते. त्यात त्याची चूक कमी आणि माझी जास्त, कारण यादी कुठे संपते हे मी कधी लिहिलंच नव्हतं.

ही शेवटची गोष्ट तुमच्या कामाला तंतोतंत लागू आहे. कराराच्या ६२ ओळी पुन्हा वाचा आणि ज्या ओळीला शेवट नाही तिच्यावर खूण करा. ‘दरपत्रक व्यवस्था’, ‘सर्व अहवाल’, ‘यंत्र जोडणी’, ‘उत्पादक बिल इत्यादी’. ‘सर्व’, ‘इत्यादी’, ‘वगैरे’, ‘व्यवस्था’ हे शब्द जिथे आहेत तिथे कुंपण नाही. कुंपण नसलेल्या शेतात बाहेरची गुरंही येतात आणि घरचीही चरतात. चौथ्या आठवड्यात तुम्हाला रेषा फारशा सांगू शकल्या नसत्या, दोन-चार ठिपक्यांवरून काय कळणार. पण या ओळी पहिल्या दिवसापासून तिथे होत्या. दराच्या ओळीला कुंपण असं घालता आलं असतं: ‘संस्थेने दिलेली एक्सेल फाइल सचिवांनी चढवली की त्यांनी टाकलेल्या तारखेच्या सकाळच्या पाळीपासून तो दर सर्व १४ केंद्रांवर लागतो, सचिव २० नमुने हाताने तपासून मान्यता देतात.’ हे वाचून कुणी फॉर्म्युला लिहायला बसणार नाही, आणि जास्त दूध घालणाऱ्याला वेगळा दर हवा असेल तर तो वेगळा मागावा लागेल हे चेअरमननाही कळेल.

बाहेरच्या क्रीपची पहिली चाहूल मात्र कागदावर नसते, ती बोलण्यात असते. ‘जाता जाता’, ‘त्यातच’, ‘तेवढं’, ‘तुमच्यासाठी पाच मिनिटांचं’. आणि त्याहून पक्की खूण म्हणजे मागणी थेट पोरांकडे येऊ लागणं. संकलक तुमच्या मुलाला फोन करतो, तो बिचारा करून टाकतो, दोघंही खूश. तुम्हाला कळतं पंधरा दिवसांनी, जेव्हा दुसऱ्या केंद्राचा संकलक तेच मागतो. पोरांना ‘नाही म्हणा’ असं सांगू नका. गावातल्या माणसाला फोनवर नाही म्हणणं त्यांना जमणार नाही, आणि जमलंच तर संस्थेशी संबंध बिघडतील. त्यांना एवढंच सांगा की फोन ठेवल्यावर एक ओळ लिहायची: कुणी, काय, किती वेळ. अर्ध्या तासाचं काम असेल तर करून टाका, पण ओळ लिहा. पुढे रक्कम लिहा शून्य. फुकट दिलेल्याचीही नोंद पाहिजे. अशा वीस ओळी झाल्या की सचिवांसमोर ठेवायला तुमच्याकडे काहीतरी असतं, आणि एकविसाव्या मागणीच्या वेळी ‘याआधी तर तुम्ही लगेच केलं होतंत’ हे वाक्य तुमच्यावर उलटत नाही.

ही दोन दुखणी वेगळी ओळखायची ती औषध वेगळं आहे म्हणून. क्रीपसाठी तुम्हाला संस्थेशी बोलावं लागतं, गोल्ड प्लेटिंगसाठी घरात. मालकांच्या म्हणण्याप्रमाणे सगळ्याचं बिल संस्थेला लावलंत, तर न मागितलेल्या फॉर्म्युल्याचे पैसे तुम्ही मागाल. सचिवांचं ऐकून पोरांना झापलंत, तर ती गप्प होतील, फोन येतच राहतील, आणि आता ते तुम्हाला कुणी सांगणारही नाही.

या आठवड्यात काय करायचं ते सांगते. सगळ्यात आधी फरक बिल, कारण त्याची तारीख कुणाला हलवता येत नाही. आता श्रावण आहे, तुमचे वीस आठवडे दिवाळीच्या तोंडावर संपतात. यातला हिशेब सोपा आहे, लिटर गुणिले जाहीर केलेली रक्कम, वजा कपात. अवघड आहे ते वेगळंच. तुमचं सॉफ्टवेअर वर्षाच्या मध्यात सुरू होणार, आणि फरक वर्षभराच्या दुधावर आहे. आधीच्या महिन्यांचं दूध जुन्या प्रणालीत किंवा वह्यांत आहे. कुणी ‘सगळा जुना डेटा आणू’ म्हणालं तर तिथेच थांबवा, कारण तो रोजच्या दोन पाळ्यांचा, प्रत्येक नोंदीचा डेटा आहे आणि त्यात तुमचा महिना जाईल. फरकासाठी प्रत्येक उत्पादकाचं एकूण लिटर एवढाच एक आकडा लागतो. केंद्रामागे १०० धरले तर १,४०० ओळींची एक फाइल. ती संस्थेच्या लोकांनी भरून द्यायची, तुम्ही चढवायची, पुढच्या महिन्यांचं दूध सॉफ्टवेअर स्वतः त्यात मिळवेल. हे असंच लिहून सचिवांची सही घ्या. पैशांचं म्हणाल, तर गैरसमज दोघांचा होता, भारही दोघांनी अर्धा-अर्धा उचलावा, असं मी सुचवेन.

मग सचिवांना तीच ७९ ओळींची यादी ‘मागणारा’ रकान्यासकट द्या आणि विचारा की फरक बिल दिवाळीआधी हवं असेल तर कुठली कामं नंतर चालतील. निवड त्यांना करू द्या. आपल्याच चेअरमनच्या नावापुढे किती ओळी आहेत हे त्यांना पहिल्यांदाच दिसेल, आणि त्यांच्याशी बोलण्याचं काम तुमच्यापेक्षा ते चांगलं करतील. मागणी स्वीकारायचा अधिकार संस्थेकडून कुणा एकाचा, हेही त्याच बैठकीत ठरवून घ्या. संकलकांच्या फोनचं कोडं त्यानेच सुटेल.

राहिला तुमचा तो मुलगा. त्याला सगळ्यांसमोर काही बोलू नका. त्याच्याकडून फॉर्म्युल्याची स्क्रीन सध्या बंद करून घ्या, कोड फेकायला लावू नका, आणि एक्सेलची फाइल चढवायचं काम त्यालाच द्या. त्याला एका सकाळी पाच वाजता कुठल्याही केंद्रावर पाठवा. रांगेत वीस-पंचवीस माणसं किटल्या घेऊन उभी असतात, संकलक एका हाताने नमुना घेतो, दुसऱ्या हाताने क्रमांक दाबतो, आणि एका माणसाला अर्ध्या मिनिटाच्या वर वेळ मिळत नाही. दर कसा निघाला हे तिथे कुणी विचारत नाही, पावतीवर तो कालच्यासारखाच आहे ना एवढंच बघतात. तो परत आला की त्यालाच म्हणा, दरपत्रकाच्या ओळीचं कुंपण आता तू लिही.